जुन्या विहिरीचं तीर्थ

कॅनडातल्या हॅमिल्टनकडच्या मराठी मंडळींत दीनानाथरावांना पाठीमागे ‘संडासवाले काका’ म्हणत. पाठीमागे कसलं, तोंडावरसुद्धा म्हणत! आणि म्हातारा तरी असा, की चिडायचं सोडून खूश व्हायचा. तरुणपणी नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत सरकारतर्फे संडास बांधले, मग इथे येऊन निवृत्त होईपर्यंत सांडपाण्याच्याच खात्यात इंजिनियर. दुसरा विषय माणसाच्या डोक्यात शिरणार कुठून?

जेवणाच्या पानावर सुरू व्हायचे. टोपलीचा संडास कसा माणसाच्या डोक्यावर मैला देतो. उघड्या चराचा कसा माश्यांना जेवू घालतो. दोन खड्ड्यांचा किती शहाणा, एक भरला की दुसरा वापरायचा, पहिला वर्ष-दोन वर्षं झाकून ठेवला की त्याचं खत होतं, हात लावला तरी वास नाही. भांड्याखालच्या वाकड्या नळीत दोन घोट पाणी राहतं, तेवढ्यानं माशी आणि दुर्गंधी अडते. इथवर आले की उल्काताई भातवाढणी आपटायच्या.

‘‘अहो, पुरे! वरण वाढतेय मी!’’

सगळे हसायचे. दीनानाथरावही हसायचे आणि वरण ओरपता ओरपता पुढचं सांगायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी शहराबाहेर, शेतांच्या मधोमध घर घेतलं. तिथे गटाराची लाइन नाही, ज्याची त्याची सेप्टिक टँक. घर घेताना लोक किचन बघतात, हा बाबा आधी टाकीचं झाकण उघडून बसला. धान्याच्या कोठाराआड एक जुना लाकडी खड्डासंडास होता, तो पहिल्याच महिन्यात चुना टाकून, माती लोटून बुजवला. उताराखाली दगडी बांधणीची उथळ विहीर होती, वर हातपंप. ती मात्र राहिली. घराला नवी खोल बोअरची विहीर, तिच्या पाण्यावर जंतू मारणारा दिवा, दरवर्षी तपासणी. सगळं चोख.

जुन्या विहिरीचा हट्ट उल्काताईंचा. नळाचं पाणी म्हणे वॉशरूममधून फिरून येतं, देवाला ते कसं चालेल? पूजेला पाणी हातपंपाचंच हवं. आपल्या हातानं उपसलेलं, सोवळ्यातलं. दीनानाथरावांनी एकदा समजावलं, ‘‘देवाला घाल, तोंडात घालू नकोस.’’

पण तीर्थ तोंडातच घालतात ना! एवढी साधी गोष्ट तो हुशार माणूस सोयीस्करपणे विसरला. बायकोचं किडनीचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली होती, दुसऱ्याची किडनी अंगानं नाकारू नये म्हणून रोज गोळ्या, त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती पार खाली. तिच्या पळीभर पाण्यावर वाद घालायचं त्यांच्या जिवावर यायचं. आणि वर्षानुवर्षं काही झालंही नव्हतं.

यंदा गणपती पाच दिवसांचे. आठवडाभर धो धो पाऊस पडून जमीन भिजून मऊ झालेली. पहिल्या दिवशी आरतीला मिसिसागापासून माणसं आली, गाड्यांनी ड्राइव्हवे भरला. मुलगा शंतनु पार्किंग बघत होता. घरामागची हिरवळ सपाट, मोकळी. तिथे त्यानं ओळीनं गाड्या लावून घेतल्या, दोन मोठ्या व्हॅनसुद्धा.

दीनानाथराव ओसरीतून बघत होते. त्या हिरवळीखालीच छिद्रं पाडलेल्या नळ्या खडीत पुरलेल्या होत्या. टाकीत जड मैला तळाशी बसतो, चरबी साय धरून वर तरंगते, मधलं पाणी या नळ्यांतून जमिनीत झिरपतं. टाकी जंतू मारत नाही, मारते ती माती. हे ते उभ्या जन्मात हजारदा बोलले होते. ते उठले, ‘‘शंतनु, अरे तिथे नको’’ म्हणाले.

‘‘बाबा, प्लीज, दोन तासांचा प्रश्न आहे. लोकांसमोर आता टँकचं लेक्चर नको.’’

सूनबाई गौरांगीनं हातात निरांजन दिलं. आरतीचा मान त्यांचा. ते आत गेले.

त्या दिवशी वॉशरूमपुढची रांग संपता संपत नव्हती. पुण्याहून त्याच आठवड्यात परतलेला उल्काताईंचा भाचा नंदन मुक्कामाला होता. त्याचं पोट बिघडलेलं. बिचारा दिवसभर आतबाहेर करत होता. ‘‘विमानातलं खाणं,’’ म्हणाला. त्याचा तरी काय दोष? संडास असतो कशासाठी?

तिसऱ्या दिवशी सकाळी दीनानाथराव काठी टेकत मागे फिरायला गेले. चाकांचे चर खोल रुतले होते. एका चरात पाणी साचलं होतं, आणि पाऊस तर कधीच थांबलेला. त्यांनी वाकून वास घेतला. या वासाशी त्यांचं साठ वर्षांचं नातं. नळ्या चेपल्या होत्या, पाण्याला मातीत शिरायला वाट नव्हती, ते वर आलं होतं. गवतातून एक बारीक ओली रेघ उताराकडे गेली होती. रेघ कुठे जाते ते बघायला ते दोन पावलं चालले. मग गुडघा दुखला म्हणून थांबले, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उताराखाली काय आहे हे त्यांना न बघताच ठाऊक होतं.

दुपारी पंगतीला वीसेक माणसं. त्यांनी घसा खाकरला.

‘‘एक सांगायचंय. मागची टाकी—’’

‘‘झालं सुरू!’’ कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

उल्काताई मोदकांचं ताट घेऊन उभ्या. नवी पैठणी, नाकात नथ, हसून हसून डोळ्यांत पाणी. ‘‘अहो, हात जोडते! बाप्पा घरात आहेत तोवर तरी तुमचा संडास बंद ठेवा!’’

किती छान दिसत होती ती. ऑपरेशननंतर इतकी हसलेली त्यांनी पाहिलीच नव्हती. आणि ऐन गणपतीत दारात मैल्याचा टँकर बोलवायचा? त्यांनी दोन्ही हात वर केले, ‘‘ठेवला बाई, बंद ठेवला.’’ पुन्हा हशा. मोदक वाढले गेले. जन्मभर ज्या तोंडाला कुणी कुलूप लावू शकलं नाही, ते त्या एका दुपारी आपणहून मिटलं.

चौथ्या दिवशी पूजा झाली. उल्काताईंनी पळीनं सगळ्यांच्या हातावर तीर्थ घातलं. कालच्यासारखंच, ताज्या उपशाचं. दीनानाथरावांनी उजवा तळवा पुढे केला. पाणी स्वच्छ होतं, तुळशीचं पान तरंगत होतं. ते त्यांनी डोळ्यांना लावलं, डोक्यावरून फिरवलं आणि उरलेलं हळूच धोतराला पुसलं.

समोर उल्काताई आपल्या तळव्यातलं तीर्थ डोळे मिटून प्यायल्या. सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण गुरुजी मंत्र म्हणत होते.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी उल्काताईंना ताप भरला. पोटात मुरडा, मग रक्ताची आव. गाडीत घालून शंतनुनं त्यांना हॅमिल्टनला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी काय खाल्लं, काय प्यालं विचारलं, तेव्हा दीनानाथरावच पुढे झाले. नळ्या, उतार, हातपंप, सगळं एका दमात सांगितलं. शंतनु त्यांच्याकडे वळला.

‘‘बाबा, तुम्हाला हे कधी कळलं?’’

‘‘तिसऱ्या दिवशी.’’

‘‘आणि तुम्ही... तुम्ही काहीच बोलला नाहीत?’’

गाड्या आपणच लावल्या, हे पोराला कुणी सांगायची गरज नव्हती.

आरोग्य खात्याची माणसं आली. विहिरीच्या पाण्यात मैल्याचे जंतू सापडले, आणि आव लावणारे जे जंतू उल्काताईंच्या पोटात होते तेच नंदनच्याही. दीनानाथरावांनी प्रत्येक पाहुण्याला स्वतः फोन केला. लोक हसतच उचलायचे, ‘‘काय काका, संडासाची नवी गोष्ट?’’ मग घरात कुणाकुणाचं पोट बिघडलंय ते सांगायचे. सात-आठ जणांना जुलाब झाले होते. ते सगळे धडधाकट, औषधानं बरे झाले. हातपंपाचा दांडा दीनानाथरावांनी काढून टाकला. ‘पाणी पिऊ नये’ अशी पाटी लावली. आता!

उल्काताई बऱ्या होईनात. जंतू रक्तात शिरले, जिवापाड जपलेली किडनी गेली. हात काड्यांसारखे झाले, बोलताना धाप लागे. डॉक्टरांनी शंतनुला बाजूला घेऊन सांगितलं, जवळ बसा.

दुपारी दीनानाथराव एकटेच बसले होते. उल्काताईंनी डोळे उघडले.

‘‘तुमचं पोट बरं आहे ना?’’

‘‘बरं आहे.’’

‘‘असणारच.’’ त्या थांबल्या, श्वास घेतला. ‘‘तुम्ही तीर्थ प्यायलाच नाहीत. मी बघितलं होतं.’’

दीनानाथरावांनी उजवा तळवा मांडीवर पालथा घातला.

‘‘मला वाटलं, माझ्या आजारपणापायी देवावर रागावलात. मी बाप्पाला म्हटलं, त्यांना माफ कर.’’

‘‘उल्का, मला पाण्याची शंका आली होती.’’

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या, शिव्याशाप दिले असते, तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

‘‘मग बोलायचं की हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इतकी वर्षं बोलून बोलून जेवू दिलं नाहीत. तेव्हा का नाही बोललात?’’

तू बंद ठेव म्हणालीस, असं त्यांच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं. चारचौघांत हसू व्हायला नको, एवढ्याचसाठी ते गप्प बसले होते, दुसरं कारण नव्हतं. आपला तळवा पुसताना त्यांना विज्ञान आठवलं होतं, बायको नव्हती आठवली.

‘‘चुकलो ग,’’ ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. उल्काताईंनी हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. जरा वेळानं ओठांवरून जीभ फिरवली.

‘‘पाणी द्या.’’

टेबलावर नर्सनं ठेवलेला कागदी पेला होता. दीनानाथरावांनी तो त्यांच्या तोंडाशी नेला. उल्काताईंनी ओठ उघडले नाहीत. आधी पेल्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

‘‘हे प्यायचं ना?’’

पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारात पाण्याबद्दल त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच विचारलं होतं. दीनानाथरावांनी पेला मागे घेतला, आधी स्वतः एक घोट घेतला, आणि मग तिला पाजला. तेच तिचं शेवटचं पाणी.