उडवलेला रकाना

विज्ञानाच्या बाईंनी प्रश्न नीट काढला होता. अ ठोकळा तीनशे ग्रॅमचा, आकारमान चारशे घन सेंटिमीटर. ब दोनशे ग्रॅमचा, आकारमान शंभर. पाण्यात कोणता बुडेल? उत्तर ब, कारण त्याचीच घनता पाण्याहून जास्त. पण पानावर जागा पुरेना म्हणून मुख्याध्यापकांनी आकारमानाचा रकाना उडवला आणि उत्तरसूचीत लिहिलं, 'अ, कारण तो जड.' बाईंनी घाईत न वाचताच सही ठोकली.

पेपर तपासून आले तेव्हा एका मुलीच्या उत्तरावर शून्य दिसलं. तिने लिहिलं होतं, 'नुसत्या वजनावरून सांगता येणार नाही.' बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, भला मोठा ओंडका तरंगतो आणि एवढासा खिळा बुडतो, हे मीच शिकवते हो!"

"सही तुमचीच ना? मग 'चूक माझी' असं तुम्हीच लिहून द्या. सगळ्यांना दोन-दोन गुण देऊन टाकू."

बाईंनी निमूट लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, "बाई, माझं बरोबर होतं ना?"

"हो गं."

"मग चुकलेल्यांनाही तेवढेच गुण कसे?"

बाईंना तिच्याकडे बघवेना. पुस्तक उघडून त्या पुढचा धडा शिकवू लागल्या.