घंगाळातला पाहुणा

समुद्रपुरात छायाच्या सासरी गणपती यायच्या आधी त्याचा पाट जात असे. श्रावण उतरणीला लागला की तिच्या सासूबाई आनंदाबाई सागाचा तो पाट घासून-पुसून, वर सुपारी ठेवून रूपरावच्या अंगणात नेऊन द्यायच्या. रूपराव त्याच पाटावर मातीचा गणपती घडवायचा आणि चतुर्थीला पाटासकट मूर्ती घरी यायची. ज्या बाईच्या हाती पाट, तिच्याच शब्दावर घरचा गणपती चाले. मोदक किती, पाहुणे कोण, आरतीला पुढे कोणी उभं राहायचं, सगळं तीच ठरवणार. छायाचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. आरतीचं ताट तिच्याही हाती येई, पण घासायला.

यंदा आनंदाबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले. त्यांनी पाट सुनेपुढे ठेवला.

"तू जाय यंदा. जमलं तं पुढच्या साली बी तूच. नाई जमलं तं वर्षालीले सांगतो. ते येते पुलगाववरून."

वर्षाली म्हणजे छायाची नणंद. तिला सगळं जमायचं, आणि जमलेलं ती फोन करून कळवायचीही.

छाया पाट काखेत मारून निघाली. रूपरावच्या अंगणात ओल्या गोणपाटाखाली चार-पाच करडे गोळे बसले होते. त्यांचे गणपती व्हायचे होते. रूपराव मातीत पिंजलेला कापूस कालवून तुडवत होता. कापूस असला की वाळताना माती फाटत नाही. एका मूर्तीला त्याने नुकतेच कान लावले होते, पुरीएवढे जाड. सोंड पोटाला टेकलेली, हात मांडीला टेकलेले, बोटं केळीच्या घडासारखी.

"ठेवून जा पाट," तो म्हणाला.

"येतो परत," छाया म्हणाली, आणि कोपऱ्यावर वळली.

कोपऱ्यावर रुपेशचा मांडव लागला होता. तिथले गणपती कधीचेच तयार होते. मोत्यासारखा अंगरंग, सोनेरी मुकुट, मोदकासाठी पसरलेला हात अंगापासून चांगला वीतभर पुढे आलेला आणि त्याची बोटं एखाद्या वीणा वाजवणाऱ्या बाईसारखी निमुळती. कान तर इतके पातळ की उन्हात पारदर्शक वाटावेत. छाया बराच वेळ उभी राहिली.

"मातीचाच आहे न?"

"मातीचा नाई तं काय लोखंडाचा आहे वहिनी?" रुपेश म्हणाला.

तिने नखाने टिचकी मारली. "पोकळ वाजते."

"आतून बरोबर सुकला न, म्हणून."

हे उत्तर तिला पटलं. पटवून घ्यायचं असलं की उत्तराला फार मेहनत पडत नाही. तिने पाट तिथेच ठेवला.

चतुर्थीला गणपती घरी आला. आनंदाबाईंनी दारात भाकर-तुकडा ओवाळला आणि पाट हातात घेतला. दरवर्षी तो उचलायला रोशनला, म्हणजे छायाच्या नवऱ्याला, बोलवावं लागे. यंदा त्यांनी तो गुडघ्यांसकट एकटीने उचलला.

"हलका आहे यंदा," त्या म्हणाल्या.

"वाळला चांगला, आत्याबाई."

"हो," आनंदाबाई म्हणाल्या, आणि पाट घेऊन आत गेल्या.

दहा दिवस झकास गेले. गल्लीतल्या बाया बघून गेल्या, फोटो काढून गेल्या. मातीच्या गणपतीला आनंदाबाई दूर्वेनेच काय तो थेंब लावायच्या, कारण जास्त पाणी पडलं की त्याच्या पोटावर ओघळ उठे. यंदा पळीभर पाणी निसटलं तरी ते घरंगळून खाली गेलं आणि अंगावर डागही राहिला नाही. आनंदाबाईंनी ते पाहिलं, पदराने पाट पुसला.

विसर्जन घरीच असे. नदीवर जाणं या घराने कधीच सोडलं होतं. अंगणात तांब्याचं मोठं घंगाळ भरायचं, गणपती त्यात सोडायचा. कोरडी माती पाणी पिताना बुडबुडे सोडते. आधी कान जात, मग सोंड, मग हात, आणि सकाळी तळाशी नुसता गाळ उरे. तो तुळशीला घालायचा. छायाचे सासरे अण्णाजी घंगाळापाशी खुर्ची टाकून बसत आणि काय-काय गेलं ते आत सांगत.

यंदा अण्णाजींनी आत सांगितलं, "तरंगून राह्यला."

सगळे बाहेर आले. गणपती एका कुशीवर पाण्यात पहुडला होता. थोड्या वेळाने बुडातून आत पाणी शिरलं, गुडगुड झालं आणि तो तळाशी जाऊन नीट मांडी घालून बसला.

सकाळीही तो तसाच बसलेला होता. मोतिया रंग तेवढा सुटून सायीसारखा वर आला होता. खालून पांढराशुभ्र गणपती निघाला होता, कान शाबूत, बोटं सगळीच्या सगळी शाबूत. पाठीवर रुपयाएवढी लाल खूण होती. वरचा रंग पाण्याचा होता, तो गेला. खूण तेलरंगाची होती, ती राहिली.

"पीओपी," रोशन म्हणाला. "लाल खूण त्याचीच असते. प्लास्टर एकदा बसलं का पाण्यात नाई विरघळत. महिनोन् महिने राह्यते."

छायाने पदर खोचला, सोडला, परत खोचला.

आनंदाबाई पायरीवर टेकल्या. घंगाळाकडे बराच वेळ पाहून त्यांनी निकाल दिला. "जोवर देव दिसते तोवर पाहुणा घरात आहे. निवद लागन."

मग अंगणात आरती सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ घंगाळाला ओवाळायचं, मोदक काठावर ठेवायचा. घरात कांदा-लसूण बंद, ते बंदच राहिलं. अण्णाजींना कांद्याविना भाकर जात नसे. ते ताटावर बसले की आधी घंगाळाकडे पाहत, मग वरणाकडे.

रोशनने उकळतं पाणी ओतू का, म्हणून विचारलं.

"देवाले उकळतं काय रे?" आनंदाबाई म्हणाल्या.

वर्षालीचा फोन आला. तिला फोटो पोचला होता. "आई, वहिनीले मातीतलं नाई समजत तं मले सांगायचं होतं," ती म्हणाली. फोन स्पीकरवर होता. आनंदाबाई "पाहू" म्हणाल्या. छाया पोळ्या लाटत होती. पुढची पोळी वातड झाली.

इकडे पितृपक्ष लागला. अण्णाजींच्या वडलांचं श्राद्ध पंचमीला येई.

"बाबाच्या पित्तराले कावळा येईन," अण्णाजी म्हणाले. "त्याने वड्याकडे जावं का मोदकाकडे? का मंग आता याले हडपक्या गणपती म्हणा. पित्तराच्या दिवसात तोच बसते."

हडपक्या गणपती बसवायची रीत नागपूरकडे आहे. त्यांच्या घरात नव्हती. आनंदाबाई हसल्या नाहीत, आणि अण्णाजीही हसवायला बोलले नव्हते.

दुपारी छाया रिकामा पाट घेऊन रूपरावकडे गेली. उशिरा का होईना पाट त्याच्यापुढे ठेवावा आणि जे काय ऐकायचं ते आजच ऐकावं, असं तिने ठरवलं होतं. रूपराव मागच्या शेडमध्ये होता. तिथे देवीचे साचे उघडे पडले होते, पांढऱ्या भुकटीची पोती होती आणि एका घमेल्यात प्लास्टर कालवलेलं होतं.

"तुम्ही बी प्लास्टरचं करता?" तिच्या तोंडून निघालं.

"मंडळाच्या देवीले करतो. बारा फुटी मातीची केली तं उचलायले अर्धं समुद्रपूर लागन." त्याने घमेलं साच्यात ओतलं, वर नारळाचा काथ्या दाबला. "लाव हात."

साचा कोमट लागत होता.

"चहा होईस्तोवर गच्च होते हे. आतून पोकळ, बोटं पाहिजे तेवढी पातळ. मातीले महिना लागते. सावलीत वाळवा, घाई केली का तडकते, ओली असताना रंग लावला का पापुद्रे निघते. हात अंगाले टेकवून द्यावा लागते, नाई तं वाळता वाळता गळून पडते. पण सुटायचं म्हटलं तं मातीच सुटते." तो घमेलं धुवायला उठला. घाई त्याला होती, कारण उरलेलं प्लास्टर घमेल्यातच बसलं असतं. "तुह्या घरचा तिथं आहे. घेऊन जाय."

कोनाड्यात एक गणपती बसला होता. हळदीचा पिवळा, गेरूचं पितांबर, पुरीएवढे कान. पाट आला नव्हता तरी रूपरावने तो साध्या फळीवर करून ठेवला होता.

"काऊन केला? मी परत आलीच नाई."

"दरसाल करतो. हाताले सवय आहे. म्हटलं, येईन कोणी." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "चकचकीत पाहिजे होता तं सांगायचं असतं. मातीवर बी डिंकात अभ्रकाची पूड लावता येते."

छायाने तो पाटावर घेतला. वजन चांगलंच होतं. वाटेत तिला दोनदा थांबावं लागलं, एकदा नेमकं रुपेशच्या रिकाम्या मांडवापुढे.

घरी आनंदाबाई घंगाळापाशी एकट्याच बसल्या होत्या. पाण्यात हात घालून त्या पांढऱ्या गणपतीच्या बोटांवरून बोट फिरवत होत्या.

"आत्याबाई, चुकलं माह्यं. टिचकी मारली तवाच समजलं होतं. दिसायले छान होता, म्हणून आणला."

"मले दारातच समजलं होतं," आनंदाबाई म्हणाल्या.

छायाने पाट गणपतीसकट पायरीवर टेकवला.

"वजनावरूनच. माह्या सासूने मले पाट देल्ला, तवाही बाजारात असाच एक होता. बारीक बोटाचा. मी नाई आणला. मंग चाळीस वर्षं तो जाड्या कानाचाच पाह्यला." त्यांनी हात पुसला. "म्हटलं, राहू द्या चार दिवस जास्तीचा."

"तं मंग निवद..."

"निवदाशिवाय ठेवता येते काय पाहुण्याले?"

पाहुण्याला आता जावं लागणार होतं. नगरपंचायतीने प्लास्टरच्या मूर्तींसाठी वेगळा हौद केला होता, आणि मागे राहिलेल्या मूर्ती तिथे अजून घेतल्या जात होत्या. दोघी ऑटोने गेल्या. वाटेत छायाने रूपरावचं अभ्रकाचं बोलणं सांगितलं. पांढरा गणपती आनंदाबाईंच्या मांडीवर होता. हौदापाशी त्यांनी त्याच्या हातावर मोदक ठेवला. पुढे आलेल्या त्या हातावर तो बरोबर बसला.

"मातीच्या हातावर नाई राहत," त्या म्हणाल्या. "घसरून पोटावर येते."

संध्याकाळी छायाने घंगाळ घासलं, नवं पाणी भरलं आणि रूपरावचा गणपती त्यात सोडला. या गणपतीची प्राणप्रतिष्ठा झाली नव्हती, त्यामुळे आरती नव्हती की निवद नव्हता. तुळस मात्र गाळाची वाट पाहत होती. पाण्यावर पिवळी हळद पसरली, बुडबुडे आले. अण्णाजींनी खुर्ची ओढली.

"कान गेले," त्यांनी आत सांगितलं. थोड्या वेळाने, "सोंड गेली."

छाया पाट पुसत होती. "कुठं ठेवू?" तिने विचारलं.

"तुह्या खोलीत," आनंदाबाई म्हणाल्या. "आणि रूपरावले पुढच्या साली लवकर सांगजो. अभ्रकाचं."

सकाळी तळाशी नुसता गाळ होता. छायाने तो तुळशीला घातला. अण्णाजी ताटावर बसले, त्यांनी रिकाम्या घंगाळाकडे पाहिलं आणि मग सुनेकडे.

"आता कांदा?"

"मामाजी, पितृपक्ष आहे," छाया म्हणाली.

अण्णाजींनी आनंदाबाईंकडे पाहिलं.

"मले काय इचारता?" आनंदाबाई म्हणाल्या. "पाट तिच्याकडे आहे."