बिनखाचं बोलणं

"चियकताई, तुम्ही मागच्या ओळीत बसाल ना, खा?"

माझी सुई मोगऱ्यात तशीच राहिली. बुनरुआंग मला ताई म्हणाली, तुम्ही म्हणाली आणि वर 'खा'ही.

आम्ही दोघी थायलंडमधल्या नाखोन पाथोमच्या देवळाच्या दाराबाहेर एकाच बाकड्यावर हार ओवत म्हाताऱ्या झालो. एकमेकींशी बोलताना 'अगं', 'मेले', 'तुझं डोकं' एवढंच. 'खा' हा बायकांनी वाक्याच्या शेवटी लावायचा आदराचा शब्द, तो गिऱ्हाइकांसाठी, भिक्खूंसाठी, साहेबांसाठी. विचारताना सुरात वर चढणारा, उत्तर देताना खाली उतरणारा. पुरुषांचं सोपं, त्यांचा 'ख्रप' दोन्हीकडे चालतो.

समोर बाजाराचे नवे साहेब उभे होते. मला वाटलं, त्यांच्यादेखत म्हणून ही सभ्यपणा करते आहे. परक्यासमोर आम्ही सगळ्याच करतो.

साहेब म्हणाले, "दाराजवळची जागा या बाईंच्या एकटीच्या नावावर होतेय, ख्रप. तुम्ही यांच्याकडे कामाला होतात, असं त्या म्हणाल्या, ख्रप."

कामाला! बाकडं माझ्या आईचं. बुनरुआंगला सुई धरायला मीच शिकवलं. पण साहेबांसमोर मैत्रिणीला खोटं कसं पाडायचं? ते गेल्यावर बघू, असं मनाशी म्हणून मी मान खाली घालून उतरता 'खा' म्हटला, म्हणजे 'हो'. समाधानानं मान डोलवून साहेब पुढे गेले.

"काय गं हे नाटक?" मी तिला कोपरानं ढोसलं. "साहेब गेले. आता बोल."

बुनरुआंग फुलांवर पाणी शिंपडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या सुनेला बसायला जागा हवी होती, खा."

आसपास कुणीही नव्हतं. चहावालीसुद्धा पलीकडे गेली होती.

"मेले, माझ्याशी 'खा' काय लावतेस?"

"तुमची टोपली तिकडे ठेवून देऊ का, खा?"

किती गोड चढवला होता तो शेवट! शिव्या दिल्या असत्या, तर मी उलट दिल्या असत्या आणि दुपारी आम्ही एकाच वाटीतला चिकट भात खाल्ला असता. या 'खा'ला धरायला कुठे जागाच नव्हती. मी टोपली स्वतःच उचलली.

मागच्या ओळीत ऊन फार. मोगरा दुपारीच पिवळा पडायचा. शेवटी मी धंदा सोडला.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला देवळात गेले. हार घ्यायचा तर दार ओलांडण्याआधीच घ्यायला हवा. बाकड्यावर सून नव्हती, बुनरुआंग एकटीच होती. केस आणखी पांढरे झालेले. मान वर न करता तिनं सवयीनं विचारलं,

"किती देऊ, खा?"

"एक," मी म्हटलं.

नुसतं एक. परक्या माणसाशी असं बोलणं म्हणजे उद्धटपणा. आम्हा दोघींत मात्र असंच बोलायची रीत होती.

तिची बोटं थांबली. हाराची गाठ तिला दोनदा मारावी लागली. हार तिनं दोन्ही हातांनी पुढे केला. या वेळी शेवटाला 'खा' लावला नाही, पण ज्याला तो लावायचा ते वाक्यही बोलली नाही.