पाच फलक आणि सतरा मूग

विज्ञान प्रदर्शनासाठी भव्याने शाळेत नेलेला तक्ता विज्ञानाचे शिक्षक नरसिंह मेष्ट्रू यांनी पुरता न वाचताच परत पाठविला. तक्ता चार फूट उंच होता. त्यावर कन्नड भाषेत, कोठेही श्वास न घेता, एकूण अठ्ठेचाळीस ओळी रंगविल्या होत्या. मेष्ट्रूंनी सातव्या ओळीपर्यंत धीर धरला. मग चष्मा काढून ते म्हणाले, "मुली, हा प्रयोग आहे की लग्नपत्रिका? सातवी ओळ आली, अजून वधूचे नाव नाही."

त्यांनी अट घातली, ती अशी. तक्ता रद्द. त्याऐवजी पाच फलक करावेत: शीर्षक, उद्देश, पद्धत, निष्पत्ती आणि निष्कर्ष. एका फलकावर चाळीसपेक्षा अधिक शब्द नकोत, आणि अक्षरे सहा फुटांवरून वाचता आली पाहिजेत. सोमवारी सकाळी फलक आले नाहीत, तर भव्याचे टेबल दुसऱ्या मुलीला देण्यात येईल.

त्या अठ्ठेचाळीस ओळी रंगविणारा हात भव्याचे वडील खंडोजी यांचा होता. पीण्या या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या पाट्या रंगविणे हाच त्यांचा व्यवसाय. मजकूर मात्र त्यांचा नव्हता. तो त्यांचे थोरले बंधू दामोदर यांनी सिद्ध केला होता. भव्या त्यांना कन्नड रीतीने दोड्डप्पा म्हणे; पद्धत आणि मोजणी एवढ्याच काय त्या ओळी तिच्या होत्या. दामोदरांनी सातवी इयत्ता अर्ध्यावर सोडली होती, परंतु सातवीने त्यांना सोडले नव्हते. कोणी बारशाचे निमंत्रण लिहून मागितले तरी ते सृष्टीच्या आरंभापासून प्रारंभ करीत.

गेल्या वर्षापासून, म्हणजे शहाण्णव सालापासून, ते चुंबकाचा पेला विकत होते. स्टीलचा पेला, बुडाशी काळे चुंबक. त्यात आठ तास ठेवलेले पाणी म्हणे संधिवातापासून सासूच्या स्वभावापर्यंत सर्वांवर गुणकारी. भव्याने मुगावर त्याच पाण्याचा प्रयोग केला होता. प्रदर्शनाला दामोदरांनी अकरा गिऱ्हाइकांना आमंत्रण धाडले होते.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात कापाकापीस आरंभ झाला. मूळ हस्तलिखिताच्या प्रत्येक वाक्याची कात्रीने पट्टी करायची आणि ती योग्य ताटात टाकायची, ही युक्ती भव्याची. आजी सकवारबाई हिने पाच ताटे दिली. मात्र ताटे उष्टी झाल्यास कोण घासणार, हा प्रश्न तिने तीनदा विचारला.

"पहिलं वाक्य," भव्याने वाचले. "'अनादि काळापासून मानव तहानलेला आहे.' हे कुठं टाकू, दोड्डप्पा?"

"शीर्षकात," दामोदर म्हणाले.

"दोड्डप्पा, शीर्षक म्हणजे नाव. नाव वाचून कळलं पाहिजे काय केलंय ते."

"उद्देशात टाक."

"उद्देश म्हणजे मला काय शोधायचं होतं ते. मानव तहानलाय का, हे मी कुठं शोधत होते?"

"तहानलाय ते मला ठाऊक आहे," सकवारबाई म्हणाली. "सकाळपास्नं चहा नाही मिळाला मानवाला."

त्या वाक्यासाठी सहावे पात्र लागले. ताटे संपली होती, म्हणून सकवारबाईने तांदूळ पाखडण्याचे सूप पुढे सरकविले. पाहता पाहता सुपात ढीग साचला. ऋषिमुनींची चुंबकविद्या सुपात गेली. पृथ्वी स्वतःच एक विराट पेला आहे, हेही सुपात गेले. दामोदरांच्या तीर्थरूपांचे पुण्यस्मरण होते, ते टाकताना मात्र सकवारबाईने पट्टी डोळ्यांना लावली, आणि मग सुपात टाकली. "ह्यांना मुगाची उसळसुद्धा चालायची नाही," ती म्हणाली.

ताटांत त्या मानाने फारच थोडे उरले. पद्धतीच्या ताटात चार पट्ट्या आल्या: दोन बश्यांत सारखाच ओला कापूस, प्रत्येकीत वीस मूग, दोन्ही बश्या एकाच खिडकीत, आणि रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे पाणी, एकीला नळाचे, दुसरीला तेच नळाचे पाणी पेल्यात आठ तास ठेवून. निष्कर्षाचे ताट शिगोशीग भरले. निष्पत्तीच्या ताटात एकच पट्टी पडली. तक्त्यावर ती एकतिसाव्या ओळीत, पृथ्वी आणि पुण्यस्मरण यांच्या मध्ये चेंगरून बसली होती. खंडोजींनी ती स्वतःच्या हाताने रंगविली होती, परंतु अक्षर रंगविणारा माणूस अक्षराचा आकार पाहतो, अर्थ नव्हे.

आता ती ताटात एकटी होती. खंडोजींनी ती वाचली. 'पाचव्या दिवशी मोड आलेले मूग, विसांपैकी: साध्या पाण्यात अठरा, चुंबकाच्या पाण्यात सतरा.'

मग त्यांनी शेजारच्या ताटातील सर्वांत वरची पट्टी वाचली. 'यावरून चुंबकीय जलाची संजीवनी शक्ती निर्विवाद सिद्ध होते.'

दोन ताटांत वीतभर अंतर होते. खंडोजी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहू लागले.

"दादा," ते हळूच म्हणाले, "हे जुळत नाही की."

"काय जुळत नाही?"

"मोड साध्या पाण्यात जास्त आलेत."

दामोदरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मूग सतराच राहिले.

"तू हे कधी लिहिलंस?" त्यांनी भव्याला विचारले.

"पाचव्या दिवशी. तुमचा निष्कर्ष पहिल्या दिवशीच तयार होता, दोड्डप्पा."

कुकरने शिट्टी दिली.

"एका मुगाचा तर प्रश्न," दामोदर अखेर म्हणाले. "खंडू, रंगवताना सतरा इकडे, अठरा तिकडे. स्वल्प बदल. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," भव्या म्हणाली. "मेष्ट्रूंनी माझी वही बघितलीय. आणि नसती बघितली तरी मूग मी मोजलेत. तसं रंगवणार असाल तर मी प्रदर्शनाला जात नाही. टेबल द्या दुसरीला."

"अकरा माणसं येणार आहेत, खंडू," दामोदर भावाकडेच पाहत म्हणाले. "ब्रश धरायला तुला मी शिकवलं. आजवर काही मागितलं?"

हे खरे होते. खंडोजींनी कधी थोरल्या भावाला उलट उत्तर दिले नव्हते. ते पाचही कोऱ्या फलकांपुढे जाऊन बसले. पांढरा हात देऊन फलक भिंतीला टेकवले होते. रंग वाळला होता. मुलीचे टेबल एका पारड्यात, भावाचे तोंड दुसऱ्यात. आणि त्यांना पीण्यातील एका कारखान्याची पाटी आठवली. 'अपघाताविना दिवस' असे तीवर लिहिलेले असे, आणि दर सोमवारी आकडा बदलण्यास ते जात. एका सोमवारी त्यांनी मालकाच्या सांगण्यावरून 'दोनशे अकरा' रंगविले. खाली त्यांची शिडी धरून जो कामगार उभा होता, त्याच्या उजव्या हाताला शनिवारचे ताजे बँडेज होते. तो वर पाहून फक्त म्हणाला, "आकडा छान आलाय, अण्णा." त्या दिवसापासून खंडोजी त्या कारखान्याच्या रस्त्याने जात नसत.

त्यांनी ब्रश घेतला, निष्पत्तीच्या फलकावर पट्टीने चौकट आखली, आणि साध्या पाण्याच्या रकान्यात अठरा रंगविले. मग दुसऱ्या रकान्यात सतरा. आकडे वीतभर उंच काढले. सहा फुटांचे काय, रस्त्यावरून वाचता येतील असे.

"सरी," दामोदर म्हणाले. "ठीक. भाऊ मोठा झाला."

उरलेले काम भव्याने केले. 'चुंबकीय जलाचा चमत्कार' हे शीर्षक गेले. 'चुंबकाच्या पाण्याने मुगाला अधिक मोड येतात का?' हे आले. उद्देश एका वाक्यात बसला. निष्कर्षाच्या ताटातील पट्ट्या तिने एकेक करून सुपात टाकल्या आणि नवे वाक्य लिहिले: 'या प्रयोगात चुंबकाच्या पाण्याचा फायदा दिसला नाही. एका मुगाचा फरक योगायोगानेही पडू शकतो. अधिक मूग घेऊन प्रयोग पुन्हा करावा.'

"आणि माझं नाव?" दामोदर दारातून ओरडले. ते रुसून चपला घालत होते. चार वेळा घालून झाल्या होत्या. "अठ्ठेचाळीस ओळींतून माझं नावही सुपात?"

"पद्धतीत घालता येईल," भव्या म्हणाली. "साहित्य कुठून आणलं ते पद्धतीत येतं. पण दोड्डप्पा, नाव घातलं तर लोक..."

"घाल! पत्त्यासकट घाल!"

"दादा, विचार कर," खंडोजी म्हणाले.

"विचार काय करायचा? घाल!"

थोरल्या भावाची आज्ञा ती. खंडोजींनी पद्धतीच्या फलकावर रंगविले: 'चुंबकाचा पेला: श्री. दामोदर यांच्याकडून', आणि खाली पत्ता.

प्रदर्शनाच्या दिवशी अकरांपैकी नऊ गिऱ्हाइके आली. फलक डावीकडून उजवीकडे सुबक ओळीत होते. त्यामुळे वाचणाऱ्याची सुटका नव्हती. प्रत्येकाने नाव वाचले, पत्ता वाचला, मग सतरा आणि अठरा वाचले, आणि शेवटी दामोदरांकडे पाहिले. संधिवाताच्या एका स्थूल बाई म्हणाल्या, "म्हणजे नळाच्या पाण्याइतकंच?"

खंडोजींना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. दामोदरांनी मात्र छाती पुढे काढली.

"अक्का, नळाच्या पाण्याइतकंच निर्धोक!" ते म्हणाले. "प्रयोगानं सिद्ध! दुसऱ्या कुठल्या पेल्याचा असा प्रयोग झालाय, सांगा!"

बाईंनी पेला परत केला नाही. पण दुसरा घेण्याची इच्छाही व्यक्त केली नाही.

परीक्षकांनी भव्याला तीन प्रश्न विचारले. दोन्ही बश्या एकाच खिडकीत का? पाणी चमच्याने का मोजले? आणि अपेक्षेविरुद्ध उत्तर आले तेव्हा काय वाटले? तिसऱ्याला ती म्हणाली, "घरात भांडण झालं, सर." नरसिंह मेष्ट्रू खोकल्याचे निमित्त करून भिंतीकडे वळले. सायंकाळी जिल्हा प्रदर्शनासाठी निवडलेल्यांच्या यादीत तिचे नाव चौथे होते. पुढे शेरा होता: 'प्रत्येक बशीत शंभर बिया घेऊन पुन्हा करावे.'

दुसऱ्या दिवशी दामोदर एक शेर मूग घेऊन हजर झाले. दोन रात्री ते घरच्यांशी बोलले नव्हते. आज जणू काही घडलेच नव्हते.

"विसात काय कळतंय?" ते म्हणाले. "शंभर घे, दोनशे घे. शंभरात चुंबक हरणार नाही. मोजायला मी बसतो."

"बसा," भव्या म्हणाली. "पण कुठली बशी कुठल्या पाण्याची, ते तुम्हाला सांगणार नाही."

"का?"

"तुमचा हात कुठं झुकतो ते मला ठाऊक आहे."

सकवारबाई एवढी हसली की तिला ठसका लागला. दामोदर प्रथम रागावले, मग गंभीर झाले, आणि मग मांडी घालून एकेक मूग मोजू लागले. किडका निघाला की प्रामाणिकपणे बाजूला टाकत.

खंडोजींनी अंगणात पाच नवे फलक पांढरे केले. शीर्षक, उद्देश आणि पद्धत दुपारपर्यंत रंगवून झाली. निष्पत्तीवर रिकामी चौकट आखली. निष्कर्षाचा फलक त्यांनी तसाच कोरा भिंतीला टेकवून ठेवला.

"त्यावर निदान पेन्सिलीनं आखून ठेव की," दामोदर आतून म्हणाले, मोजता मोजता. "मजकूर माझा तयार आहे."

"नाही, दादा," खंडोजी म्हणाले, आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडविला. "आधी मोड येऊ दे."

मग दामोदर म्हणाले, "त्र्याण्णव... का चौऱ्याण्णव? छे! पुन्हा मोजतो."