आवाज : व्यवस्थित

दुपारी ३.३०. नाडी ८४. ऑक्सिजन ९८. ड्रेन १५ मिली. आवाज व्यवस्थित.

तक्त्यात हे शर्मिलाने लिहिलं, तेव्हा सकाळची ड्यूटी संपवून ती न आलेल्या दुसऱ्या नर्सच्या जागी दुपारचीही करत होती. पाय ठणकत होते. विश्रांतवाडीच्या या छोट्या हॉस्पिटलात अकराच्या सुमारास कमरजहांची थायरॉईडची गाठ काढली होती. आता ती खाटेवर निमूट पडली होती. निमूट पेशंट म्हणजे शर्मिलाला देवाची देणगी.

उशाशी तिची मुलगी जिनत बसली होती. आईने ओठ हलवले की ती बोट दाखवायची. "अम्मी, बोलायचं नाही. गळ्याचं ऑपरेशन आहे."

हे कोणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी नाही. शेजारणीने सांगितलं, मावशीने दुजोरा दिला आणि घरभर नियमच झाला.

४.००. नाडी ९६. ऑक्सिजन ९८. ड्रेन १५ मिली. आवाज व्यवस्थित.

शेवटचे दोन शब्द तिने वरच्या ओळीवरून उतरवले. हात आपोआप चालला.

४.२०. तक्त्यात ही वेळ नाही. शर्मिला दुसऱ्या पेशंटची सलाईन बदलायला आली होती, एवढंच. येता येता तिला दिसलं, की कमरजहांने दोन्ही हात गादीवर टेकून स्वतःला वर ओढलंय. जिनत तिला परत झोपवत होती. ती पुन्हा उठत होती. थुंकी गिळताना चेहरा आक्रसत होता.

"काय होतंय, मावशी?"

कमरजहांने जिनतकडे पाहिलं आणि गळ्याजवळ मूठ आवळून दाखवली.

"घाबरलीय," जिनत म्हणाली. "मघापासून अशीच चुळबूळ चाललीय."

"बोलू दे तिला. मावशी, नाव सांगा तुमचं."

"कमर..." आवाज घोगरा, ओला, जणू घोट घशात अडकलाय. "घट्ट झालंय, बेटा."

शर्मिलाने पट्टी सोडली. मान एका बाजूने फुगली होती. हात लावला तर ताठ. जखमेतलं रक्त बाहेर नेणाऱ्या ड्रेनच्या बाटलीत तेवढंच, पंधरा. नळी गुठळीने बुजली, तर बाटली रिकामी राहते आणि रक्त आत साठत जातं. हे तिला वीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. आज बाटली पाहून तिला बरं वाटलं होतं.

तिने खाट वर केली, ऑक्सिजन लावला, फोन उचलला. वॉर्डचे डॉक्टर उत्तरेश्वर आले. चहा अर्धाच सोडून आल्याचं चेहऱ्यावर होतं.

"सिस्टर, ऑपरेशन मानेचं झालंय. सूज काय पायाला येईल? ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे."

"तो शेवटी पडतो, डॉक्टर. श्वास घरघरेपर्यंत थांबायचं का? आवाज बदललाय, गिळता येत नाही, मान वाढतेय. सर्जनना फोन मी लावू की तुम्ही लावता?"

त्यांनी मानेवर बोटं ठेवली आणि चहा विसरले. फोन त्यांनीच लावला.

सर्जन खडकीत होते. फोन स्पीकरवर होता. "आत्ताच वर ऑपरेशन थिएटरमध्ये न्या. भूलतज्ज्ञ तिथेच आहेत, त्यांना तयार ठेवा. मी निघालो. टाके काढायचा ट्रे खाटेबरोबर राहू दे. श्वास अडला किंवा घरघर लागली, तर माझी वाट बघू नका. तिथेच टाके कापा, आतले स्नायूंवरचेही, आणि गुठळी काढा."

उत्तरेश्वरांनी खाटेचे ब्रेक सोडले. "हो, सर."

ट्रे शर्मिलाने खाटेवर ठेवला, कात्री वर. लिफ्टमध्ये जिनत रडत नव्हती, विचारत होती. "मी बोलू दिलं असतं तर लवकर कळलं असतं ना?"

शर्मिलाला उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली, "मावशींना आकडे म्हणायला सांग. मला ऐकू दे."

"एक," कमरजहां म्हणाली. "दो... तीन..." सातपर्यंत आवाज येत राहिला. मग दार उघडलं. कात्री लागली नाही.

५.४०. सर्जन बाहेर आले. गुठळी लिंबाएवढी होती, एका बारीक शिरेतून रक्त झिरपत होतं. बांधली. श्वासाची नळी रात्रभर ठेवणार, सूज उतरली की काढणार.

"वेळेवर कळवलंत," ते म्हणाले.

शर्मिला टेबलाशी बसली आणि चप्पल काढली. समोर तक्ता. वेळेवर. साडेतीन, चार, दोन्ही ओळींत तेच दोन शब्द. उत्तरेश्वर बाजूला उभे होते. "राहू द्या ना सिस्टर. पेशंट वाचलाय. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

तिने दोन्ही ओळींतल्या त्या शब्दांवर एकेक आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी. वर लिहिलं: ऐकला नाही. सही केली, आत्ताची वेळ टाकली. मग चप्पल घालून उठली. चार नंबरच्या खाटेवर गोदाबाई होत्या, सकाळपासून गप्प.

"गोदाबाई, नाव सांगा तुमचं."

"माहीत आहे की तुला," गोदाबाई म्हणाल्या.

"तरी सांगा."