संजनाचे उपास

“पान पुसून संपव गो. हाडं वाजवत सासरी गेलीस त कोन ठेवून घेल तुला?”

आईचा हा आवाज भीमाबाईंच्या कानात अजून ताजा होता. रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायची, त्या वर्षांतला तो आवाज. खाडीचा बांध फुटून खांदा गावाकडची भातं खाऱ्या पाण्यात गेलेली, घरोघरी पोटाला चिमटा. मुलगी बघायला येणाऱ्या बायका तोंड मागाहून बघत, आधी दंड दाबत. भीमाबाईंचा दंड दाबला तो कृष्णाबाईंनी, होणाऱ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं.

“हाडंच लागतात हाताला,” त्या म्हणाल्या. “छातीचं दुखनं त नाय ना? भाताचे भारे उचलील का ही?”

भीमाबाईंच्या आईनं एका पावसाळ्याची मुदत मागून घेतली. स्वतः पेजेच्या पाण्यावर राहिली आणि लेकीला दूधभात, तूप, सुकी मासळी चारली. मार्गशीर्षात कृष्णाबाईंनी पुन्हा दंड दाबला, हसल्या, आणि सुपारी फुटली.

ते भीमाबाई कधी विसरल्या नाहीत. संजना झाली तशी त्यांनी तिला दुसऱ्याच्या डोळ्यांत भरेल असं वाढवलं. गुटगुटीत पोर. कृष्णाबाई तिला मांडीवर घेऊन म्हणायच्या, “लक्ष्मी हाय ही, भीमे. दृष्ट काढत जा.” भीमाबाई मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या.

पुढं शेतं गेली. त्यांच्यावर वसाहती उभ्या राहिल्या, खांदा कॉलनी वसली, भीमाबाईंचे यजमान दीनानाथ उरणला कारखान्यात लागले. भारे उचलायचे दिवस संपले. दुकानात तांदूळ मिळू लागला, डब्यात तेल संपेनासं झालं. मग घरात केबलची तार आली. त्या सुमारास आपल्या देशाच्या मुलींना परदेशात सुंदरतेचे मुकुट मिळाले आणि मलमापासून बिस्किटापर्यंत प्रत्येक जाहिरातीत काठीसारख्या पोरी नाचू लागल्या. पनवेलच्या बाजारात तयार कपड्यांची दुकानं लागली. साडीचं बरं होतं, अंग भरलं की निऱ्या कमी घ्यायच्या, उतरलं की जास्त. तयार ड्रेस मात्र आधीच शिवलेला, अंगानंच त्याच्यात मावायचं. संजना एकदा दुकानातल्या पडद्यामागून ड्रेस हातात घेऊन बाहेर आली, तेव्हा दुकानदार म्हणाला, “ताई, तुमच्या मापाचं ठेवतच नाही आम्ही.” ती घरी आली ती जेवलीच नाही.

एकविसाव्या वर्षी तिला खांदा कॉलनीतलं स्थळ आलं. मुलगा प्रणित, मुंबईला ऑफिसात. स्थळ आणलं कृष्णाबाईंनीच, आणि निरोपही त्यांनीच आणला.

“पोरगी पसंत हाय त्यांना. फक्त जरा... अंगानं कमी झाली त बरं, म्हनतात. मित्रांत न्यायची असते ना आजकाल.”

“वन्स, तुमीच त लक्ष्मी म्हनायच्या!”

“तवाचं तवा होतं गो.”

पुढच्या सोमवारी संजना म्हणाली, “आई, मी सोळा सोमवार धरते.”

भीमाबाईंना भरून आलं. त्यांचं सारं आयुष्य व्रतांनी बांधलेलं. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय घास नाही. लेकीला आपली वाट सापडली असं त्यांना वाटलं. सोमवारामागून गुरुवार आला, मग शनिवार, मग एकादशी. त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली तर संजना म्हणाली, “मी नुसत्या पाण्यावर करते. तसं जास्त फळतं म्हणतात.” उरल्या दिवशीही ती दोन घास खाऊन उठे. तळ्याकाठच्या देवळात भीमाबाई बायकांना सांगत, “माझी पोर माझ्यापेक्षा कडक हाय देवाची.”

तिची पाळी यायची थांबली तेव्हाही त्यांच्या मनात भलतंच आलं. व्रतात खंड पडू नये म्हणून देवानंच सांभाळून घेतलं, असं त्यांनी मानलं. वैशाखात ती स्वेटर घालून बसू लागली. न्हाणीत केसांचा गुंता साचू लागला. दंडावर बारीक लव आली. भीमाबाईंनी तिला अंगारा लावला.

कृष्णाबाई मात्र खूश. “आता कशी बाहुली दिसते! प्रणितच्या आईनं फोटो शेजारनीला दाखवला.”

“खरंच आत्या? अजून थोडी कमी हवी ना?”

“थोडीशीच गो. गालावर जरा हाय.”

दारात सरपणाची मोळी टाकायला आलेली शुक्री कातकरीण ते ऐकून हसली. “मंग माला न्या की फोटो काढाला,” ती म्हणाली. तिच्या गळ्याची हाडं मोजता आली असती. घरात सगळी हसली. भीमाबाईही हसल्या.

साखरपुड्याच्या खरेदीला गेल्या असताना दुकानाच्या पायरीवर संजना कोसळली. हातात सगळ्यांत लहान मापाचा ड्रेस होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “किती दिवस जेवत नाहीये ही?”

“व्रत हाय तिचं,” भीमाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी संजनाची नाडी पुन्हा धरून पाहिली. मग म्हणाल्या, “अंगातले क्षार इतके उतरलेत की हृदय ठोके चुकवतंय. आणि आता घाईनं खाऊ घालू नका. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं तर तेवढ्यानंही हृदय थांबू शकतं. पातळ पेज, थोडे थोडे चमचे. काही सांगता येत नाही अजून.”

बाहेर बाकावर कृष्णाबाई बसल्या होत्या. “प्रणितच्या घरनं निरोप आला,” त्या हळूच म्हणाल्या. “दुखनाईत पोर नको, म्हनतात.”

भीमाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. “वन्स, मी बारीक होते त तुमी दंड दाबलात. ही भरलेली होती त कमी करा म्हनालात. चूक कवाची, तवाची का आताची?”

“मला काय इचारतेस?” कृष्णाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. “तवा समदी उपाशी होती. ज्याच्या अंगावर मांस, त्याच्या कनगीत भात. क्षयानं घरं रिकामी व्हायची, म्हनून हाडं दिसली की भ्या वाटायचा. आता समद्यांच्या घरात भात हाय. मंग भात खाऊन मोठेपना कसा मिळंल? आता जी भात असून खात नाय, ती मोठ्या घरची. जे दुर्मीळ, तेच लोकांना गोड लागतं गो. मी नुसता निरोप आनला.”

“दोन्ही वेळेला तुमीच आनला.”



आत संजनाचा हात भीमाबाईंच्या मुठीत मावला आणि वर जागा उरली. तिनं डोळे उघडले.

“आई, एकही उपास देवाचा नव्हता ग.”

“मला कळाला पाह्यजे होता, बाय.”

“तुला सांगितलं असतं तर तू ताट पुढं केलं असतंस. मला ताटाची भीती वाटते. अजून वाटते. आत्ताही वाटतंय की पेज प्यायले तर मी फुगेन.” तिला धाप लागली. “तू उपाशी बसतेस आणि मला खा म्हणतेस. तू समोर उपाशी असलीस की मीच खादाड वाटते. एकटीनं नाही खाववत.”

“मी तुझ्यासंगं खाईन. जवा जवा तू खाशील, तवा तवा. चमचा तुला, चमचा मला.”

“उद्या सोमवार आहे.”

“ठाव हाय.”

“श्रावणातला.”

“ठाव हाय गो. देवाशी मी बोलते. तो काय पोरीपुढचं ताट ओढून घ्यायचा नाय.”

पहाटे भीमाबाई घरी आल्या. आंघोळ करून देव्हाऱ्यापुढं उभ्या राहिल्या, पण आज हळदकुंकू वाहताना उपासाचा संकल्प केला नाही. लग्नापासून एकही श्रावणी सोमवार त्यांनी मोडला नव्हता. तांदूळ धुतले, भरपूर पाण्यात मऊ शिजवले, घोटून पातळ पेज केली, चिमूटभर मीठ घातलं. तुपाचं भांडं हाती आलं होतं, ते त्यांनी परत फळीवर ठेवलं.

दीनानाथ अंथरुणातून म्हणाले, “देवळात चाललीस?”

“नाय.”

पेजेचा डबा आणि दोन चमचे पिशवीत घालून, दाराला आवाज होऊ न देता, त्या दवाखान्याच्या वाटेला लागल्या.