जुन्या पासवर्डवर अडलेले

थोराच्या घरची पाण्याची पाइप कधी गोठत नाही, हे गिमलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्याला माहीत नसेल त्याला थोरा स्वतः सांगायची. सरोवराकाठच्या त्या गावात हिवाळा असा की बाहेर टाकलेलं पाणी जमिनीला लागेपर्यंत काचेसारखं कडक व्हावं. शेजारच्या ओलेची पाइप दर दोन-चार वर्षांनी दगा द्यायची आणि मग तो बादल्या घेऊन थोराच्या दारात उभा. "माझ्या सासऱ्यांनी पाइपसाठी खोल खणलं तेव्हा माणसं कामाला घाबरत नव्हती," असं ऐकवल्याशिवाय ती त्याला एक बादली भरू द्यायची नाही.

यंदा मात्र ती हिवाळाभर घर बंद ठेवून ॲरिझोनाला जाणार होती. तिथे तिची थोरली बहीण हिल्डर होती. हिल्डरचा फोन आला होता, की या वर्षी ये, पुढच्या वर्षी मी असेन असं डॉक्टर काही म्हणत नाहीत. थोराने तिकीट काढलं, बॅग भरली आणि मग रोज एकेक कपडा बॅगेतून परत कपाटात ठेवायला लागली. नवरा बाल्डर गेल्यापासून हे घर तिने एक रात्रही एकटं सोडलं नव्हतं. मागे काही फुटलं, भिंती भिजल्या, तर त्याच्यामागे उरलेलं सगळं गेलं.

"घर सुखरूप राहील असं मला कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगा, मग जाते," ती म्हणाली.

तिची मुलगी सिग्नी त्यासाठीच विनिपेगहून गाडी हाकत आली होती. ती तिकडे शाळांमधले संगणक सांभाळायची. बाल्डरने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत घरात जागोजाग यंत्रं बसवून ठेवली होती. भट्टी बंद पडली तर फोनवर कळवणारं, फ्रीझरमधले मासे वितळायला लागले तर बोंब मारणारं, दारात कोण आलं ते दाखवणारं. सगळी वायफायवर. आणि सप्टेंबरात सिग्नीने त्या वायफायचा पासवर्ड बदलला होता, कारण बाल्डर ज्याला कॉफी पाजायचा त्याला पासवर्डही द्यायचा, आणि पलीकडच्या सुट्टीच्या घरांमधली अर्धी माणसं उन्हाळाभर फुकट सिनेमे बघत बसायची.

"मी तेव्हा सगळ्यांना नवा पासवर्ड दिला," सिग्नी म्हणाली. "टीव्ही, प्रिंटर, भट्टी, फ्रीझर, दारावरची घंटा. सगळे राउटरच्या यादीत दिसतायत, हे बघ."

थोराने चष्मा लावून यादी बघितली. "हे आलेले. न आलेले कुठे दिसतात?"

सिग्नीने यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा सरकवली.

"म्हणजे लग्नाला कोण आलं ते मोजता येतं," थोरा म्हणाली. "ज्याला आमंत्रणच पोचलं नाही तो घरी बसलाय हे मांडवात उभं राहून कसं कळणार? तुझे बाबा मला विचारून थोडेच काही बसवायचे."

सिग्नीला आईचा नेहमी राग यायचा तो याच कारणासाठी, की तिचं बरोबर असायचं. ती खिडकीशी उभी राहून विचार करू लागली. बाहेर सरोवराची कड पांढरी पडायला लागली होती. पहिली खरी थंडी त्या दिवशीच उतरली होती.

"आई, जुना राउटर टाकून दिला का गं?"

"तुझ्या बाबांच्या घरात कधी काही टाकलंय?"

व्हरांड्याच्या कपाटात, मासे पकडायच्या गळांखाली, तो सापडला. नवा आणला तेव्हा बाल्डरने नेटवर्कचं नावही तेच ठेवलं होतं आणि पासवर्डही तोच, त्यामुळे जुन्याच्या पोटात दोन्ही जसंच्या तसं होतं. सिग्नीने नव्या राउटरची पिन काढली, मोडेमला जुना जोडला आणि मोडेम बंद करून पुन्हा चालू केला.

"आता उलटं होईल," ती म्हणाली. "ज्यांच्याकडे नवा पासवर्ड आहे त्यांना हा आत घेणार नाही. जे जुन्यावर अडकलेत तेवढेच येतील."

खरंच, टीव्हीने लगेच कुरकूर केली. थोराच्या फोनने पासवर्ड चुकीचा आहे म्हणून सांगितलं. सिग्नीने आपल्या फोनात जुना पासवर्ड घातला आणि राउटरची यादी उघडली. यादीत तिच्या फोनशिवाय कुणी नव्हतं.

एवढ्यात ओले आला. हिवाळाभर घराकडे बघायची जबाबदारी त्याची होती, म्हणून किल्ली न्यायला. टेबलावर विनार्तेर्ता होता. आलुबुखाऱ्याच्या थरांचा तो केक बघितल्यावर किल्ली मागे पडली.

"काय चाललंय?"

"हरवलेल्यांना हाक मारतोय," थोरा म्हणाली. "खा मुकाट्याने."

आधी आला झोपायच्या खोलीतला रेडिओ. तो बंद आहे असं समजून थोराने त्याच्यावर वर्षभर धूळ साचू दिली होती. मग सिग्नी म्हणाली की बॅटरीवरची यंत्रं झोपलेली असतात, त्यांना उठवावं लागतं, म्हणून तिने बाबांचं पुस्तकं वाचायचं यंत्र खणातून काढून चालू केलं. तेही आलं. न्हाणीघरातला वजनकाटा तर कुणी उभं राहिल्याशिवाय जागा होईना.

"ओलेकाका, जरा उभे राहा."

"केकनंतर? हा दुष्टपणा आहे."

काटा यादीत आला. ओलेने आकडा कुणालाही बघू दिला नाही.

आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ उमटली होती. तिला नावच नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. सिग्नीने घरातली एकेक वस्तू डोळ्यांपुढे आणली. कशाचाच मेळ बसेना.

"हे काय आहे?" थोराचा आवाज खाली गेला.

"माहीत नाही. पण घरात आहे, चालू आहे, आणि सप्टेंबरपासून दर थोड्या वेळाने जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावतंय. कुणी उघडलं नाही तरी."

थोरा खुर्चीत बसली. आपण झोपलो, जेवलो, कपडे बॅगेत भरले आणि काढले, आणि इतके दिवस या घरात कुणीतरी हाका मारत होतं, हे तिला खरंच वाटेना. अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हता. देवळात शिरल्यावर येतो तसा.

शोधायची रीत सोपी होती. ओले विजेच्या पेटीपाशी उभा राहिला आणि एकेक बटण पाडत गेला. सिग्नी यादीकडे बघत होती. राउटरचं बटण तेवढं सोडलेलं. स्वयंपाकघर गेलं, ओळ तशीच. कपडे धुवायची खोली गेली, तशीच. व्हरांडा गेला. थोडा वेळ काही झालं नाही आणि मग ती ओळ यादीतून गेली.

"व्हरांड्यात एक दिवा आहे नुसता," थोरा म्हणाली.

ओलेने बटण परत वर केलं आणि तिघं व्हरांड्यात गेली. दिव्याच्या मागून एक पांढरी वायर भिंतीला चिकटून उतरत होती, इतकी नीट बसवलेली की रंगासारखी दिसावी, आणि खाली जाऊन फळ्यांमध्ये नाहीशी होत होती. ओलेने सतरंजी बाजूला केली. फळ्यांमधलं झाकण उचललं. घराखाली गुडघ्यावर रांगता येईल एवढीच पोकळी होती. थोरा त्यात कधी उतरली नव्हती. तिथे उंदीर असतात, असं बाल्डर सांगायचा.

सिग्नीने आत वाकून बॅटरी मारली. जमिनीतून पाण्याची पाइप वर येत होती आणि घरात शिरण्याआधी हातभर उघडी होती. तिच्याभोवती वर्तुळं घेत एक काळी वायर गुंडाळलेली होती. वायरचं दुसरं टोक एका प्लगमध्ये, आणि प्लगवर एक छोटा हिरवा दिवा.

"पाइप गरम ठेवायची वायर," ओले म्हणाला. "आणि तो प्लग हवामान बघून वायर चालू करणारा असणार. थंडी पडली की चालू, ओसरली की बंद. बाहेर किती थंडी आहे हे त्याला इंटरनेटवरून कळायचं."

"आणि पासवर्ड बदलल्यावर काहीच कळेनासं झालं," सिग्नी म्हणाली. "सप्टेंबरात बंद होता तो बंदच राहिला. आत्ता आपण जुना राउटर लावला आणि..." तिने हात पुढे करून वायरला लावला. "आई, कोमट आहे. कळल्याबरोबर कामाला लागलाय."

थोरा गेली असती, घरातला मुख्य नळ बंद करून, सगळी यंत्रं यादीत बघून. आणि नळाच्या अलीकडची ही हातभर पाइप पाण्याने भरलेली, उघडी, तशीच इथे राहिली असती.

"सासऱ्यांनी खोल खणलं होतं," थोरा अखेर म्हणाली. "पण पाइप वर कुठून येणार, ते कुणी मनातच आणलं नाही. मी गावभर..." तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. "बोलला का नाही हा माणूस मला?"

"बापाचं नाव राखलं त्याने," ओले म्हणाला. "मलाही नाही बोलला. मी बादल्या भरून न्यायचो आणि तो मख्खासारखा उभा राहून दार धरायचा."

सिग्नीला कामाचं भान आधी आलं. "आई, जुनं नेटवर्क चालू ठेवता येणार नाही, ते सगळ्या काठाला माहीत आहे. याला नवा पासवर्ड द्यावा लागेल. पण हा बाबांच्या खात्यावर आहे आणि ते खातं आता उघडत नाही. म्हणजे याचं बटण दाबून धरायचं. तो जुनं सगळं विसरेल. पासवर्ड, बाबांनी किती अंशांना चालू व्हायला सांगितलं होतं, सगळंच. मग नव्याने शिकवायचं."

"मी उतरते," थोरा म्हणाली.

"आई, गुडघे."

"गुडघे माझे आहेत."

ती खाली उतरली, कोपरांवर पुढे सरकत गेली. माती गार होती आणि उंदीर कुठेच नव्हते. प्लगच्या बाजूला बटण होतं. त्यावर बोट ठेवून ती थांबली. हे एवढंसं यंत्र अजून बाल्डरच्या शब्दावर चाललं होतं, त्याच्या कॉफीच्या पासवर्डवर, तो गेल्यावरही, दार बंद झाल्यावरही. त्याला आता ते विसरायला लावायचं होतं, आणि ते काम दुसऱ्या कुणाला सांगावं असं तिला वाटलं नाही.

"दाब आता, आणि सोडू नकोस," वरून सिग्नी म्हणाली. तिने नवा राउटर परत जोडला होता.

थोराने दाबून धरलं. हिरवा दिवा विझला. अंधारात तेवढ्यापुरतं काहीच नव्हतं. मग तो भराभर लुकलुकायला लागला, कुणीही सांगेल ते ऐकायला तयार. सिग्नीने फोनात नवा पासवर्ड भरला. दिवा स्थिर झाला.

"कितीला चालू होऊ दे?"

"बाबांनी किती ठेवलं होतं?"

"ते आता कळणार नाही."

थोराने विचार केला. "शून्याला. तो धीट होता. मी नाही."

प्लगमध्ये खट् असा बारीक आवाज झाला. वर ओलेचे पाय फळ्यांवरून इकडचे तिकडे झाले. सिग्नीने दोनदा हाक मारली.

"आई, झालं. ये वर."

"आले," थोरा म्हणाली, पण हलली नाही. तिचा तळहात पाइपवर होता. "ऊब इथपर्यंत पोचतेय का ते हाताला कळू दे. मग जाते हिल्डरकडे."